फोटोतल्या रेणूला नाव देताना

अकरावी-बारावीच्या किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मोबाइलमध्ये एक प्रकारचे फोटो हमखास सापडतात. वहीचं किंवा प्रश्नपत्रिकेचं पान, त्यावर एक नागमोडी रेघ, तिला वरखाली फुटलेले दोनचार फाटे आणि शेजारी प्रश्न : 'आययूपीएसी नाव लिहा.' एकही कार्बन लिहिलेला नाही, हायड्रोजनचा पत्ता नाही. नुसत्या रेघा. या रेघांवरून जे नाव येतं ते मात्र इतकं नेमकं असतं की, जगाच्या दुसऱ्या टोकाचा रसायनशास्त्रज्ञ ते वाचून त्याच रेणूचं चित्र पुन्हा काढू शकतो.

हे कसं जमतं, ते एकाच रेणूवर सावकाश पाहू. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर उत्तम.

डावीकडून उजवीकडे सात बिंदूंची नागमोडी रेघ काढा. बिंदूंना क्रमाने क, ख, ग, घ, च, छ, ज अशी अक्षरं द्या. क आणि ज ही रेघेची दोन टोकं झाली. आता ग या कोपऱ्यातून वर एक रेघ काढा आणि तिच्या टोकाला दोन फाटे फोडा, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होईल. वायच्या बेचक्याला ट म्हणा आणि दोन टोकांना ठ आणि ड. शेवटी च या कोपऱ्यातून एक आखूड रेघ काढून तिच्या टोकाला त म्हणा. झालं आपलं चित्र. फोटोत ही अक्षरं अर्थातच नसतात, पण पेन्सिलने ती घालून घेण्याची सवय फार कामाची आहे.

रेघांत दडलेले कार्बन

या प्रकारच्या आकृतीला मुलं 'बॉण्ड-लाइन' म्हणतात. तिची लिपी सोपी आहे. रेघ म्हणजे बंध. जिथे रेघ वळते किंवा फुटते तिथे एक कार्बन, आणि जिथे ती संपते तिथेही एक कार्बन. कार्बनची संयुजा चार असल्यामुळे जितके बंध कमी दिसतात तितके हायड्रोजन मनात धरायचे. टोकाच्या कार्बनला एकच रेघ असते, म्हणून त्याला तीन हायड्रोजन. साध्या वळणावर दोन, आणि तीन रेघा जिथे भेटतात तिथे एक.

आपल्या चित्रात सात, वायचे तीन आणि आखूड रेघेचा एक मिळून अकरा कार्बन झाले. टोकं पाच आहेत : क, ज, ठ, ड आणि त. त्यांचे पंधरा हायड्रोजन. ख, घ आणि छ ही साधी वळणं, त्यांचे सहा. ग, च आणि ट या तिठ्यांचे तीन. बेरीज चोवीस. म्हणजे रेणुसूत्र C₁₁H₂₄. सगळे बंध एकेरी असलेल्या, कडी नसलेल्या हायड्रोकार्बनमध्ये हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीहून दोनने जास्त असते. अकरा दुणे बावीस आणि दोन चोवीस. हिशेब जुळला, म्हणजे मोजताना गडबड झालेली नाही.

पण ही मोजणी फोटोत जे दिसलं त्याची असते, आणि फोटो फसवतो. कागदाला पडलेली घडी रेघेला छेदून गेली की तिथे आखूड फाटा असल्याचा भास होतो, आणि रेणूला एक मिथिल गट फुकट मिळतो. उलट, फोटोची कड जरा आत कापली गेली तर खरा फाटा नाहीसा होतो. पान गोल वळलं असेल तर सरळ रेघही वाकलेली दिसते. खरं वळण मात्र टोकदार असतं, साधारण १२० अंशांचा कोन करणारं. सैल बाक दिसला तर तो कागदाचा समजावा. दोन रेघा एकमेकींवरून गेल्या असतील तर त्या छेदबिंदूवर कार्बन नसतो. प्रश्नात रेणुसूत्र दिलेलं असेल तर नाव द्यायला बसण्याआधी ते आपल्या मोजणीशी ताडून पाहावं. पुढे कितीही काळजी घेतली तरी इथली चूक दुरुस्त होत नाही.

सर्वांत लांब साखळी कोणती?

नावाचा पाया म्हणजे मुख्य साखळी. नियम सांगतो : न तुटता, एकाही कार्बनवरून दोनदा न जाता जी सर्वांत लांब वाट मिळेल ती घ्यायची. तिच्या कार्बनसंख्येवरून मूळ नाव ठरतं. पाचाला पेन्टेन, सहाला हेक्झेन, सातला हेप्टेन.

डोळा इथेच घाई करतो. आडवी, ऐसपैस नागमोडी रेघ दिसली की तीच मुख्य साखळी आणि वरखाली जे काही आहे त्या शाखा, असं तो ठरवून टाकतो. पण आडवं काय आणि उभं काय, हे चित्र काढणाऱ्याने जागेच्या सोयीने ठरवलेलं असतं. रेणूला आडवं-उभं नसतं. कोण कोणाला जोडलेलं आहे, एवढंच खरं. म्हणूनच कोणी '२-इथिलपेन्टेन' असं नाव दिलं तर ते पाहताक्षणी चूक म्हणता येतं. दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांची शाखा असेल, तर टोकाचा पहिला कार्बन सोडून त्या शाखेतून शिरल्यावर साखळी एकाने वाढते. तो रेणू खरा तर ३-मिथिलहेक्झेन आहे.

नजरेवर विसंबायचं नसेल तर टोकांच्या जोड्या तपासाव्यात. लांबात लांब वाट नेहमी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आपल्याकडे पाच टोकं आहेत, म्हणजे जोड्या दहा. क ते ज मोजलं तर सात कार्बन. क ते ठ किंवा ड पाच. त ते क सहा, त ते ठ किंवा ड सहा, त ते ज चार. ठ ते ड अवघे तीन. राहिले ठ ते ज आणि ड ते ज : ठ, ट, ग, घ, च, छ, ज. हेही सात!

म्हणजे सात कार्बनांच्या साखळ्या एक नव्हे, तीन आहेत. त्यांतल्या ठ आणि ड पासून निघणाऱ्या दोन एकमेकींची हुबेहूब नक्कल, कारण वायचे दोन्ही फाटे सारखेच. तेव्हा खरी निवड दोघींत : कागदावर आडवी दिसणारी क ते ज, की वायच्या टोकातून उतरून येणारी ठ ते ज?

बरोबरी झाली की पुढचा नियम लागतो : जिच्यावर जास्त शाखा, ती साखळी घ्यायची. क ते ज घेतली तर शाखा दोन, ग वरचा वाय आणि च वरचं मिथिल. ठ ते ज घेतली तर ट वर ड हे मिथिल, ग वर ख-क हे इथिल आणि च वर त हे मिथिल, अशा तीन. ही साखळी जिंकते. नियमामागचं कारणही समजण्यासारखं आहे. शाखा जास्त म्हणजे प्रत्येक शाखा लहान आणि साधी. पहिल्या निवडीत वायसारखी स्वतःच फाटे फुटलेली शाखा राहते आणि तिला पुन्हा वेगळं नाव द्यावं लागतं. दुसऱ्या निवडीत मिथिल आणि इथिल या दोन साध्या गटांवर काम भागतं.

आकडे कुठून सुरू करायचे

आता साखळीला क्रमांक द्यायचे. ठ कडून सुरुवात केली तर ठ एक, ट दोन, ग तीन, घ चार, च पाच, छ सहा, ज सात. शाखा येतात २, ३ आणि ५ वर. ज कडून सुरुवात केली तर त्याच शाखा येतात ३, ५ आणि ६ वर. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लिहायच्या आणि पहिल्या आकड्यापासून तुलना करायची. जिथे पहिला फरक दिसेल तिथे ज्या यादीतला आकडा लहान ती यादी खरी. इथे पहिल्याच जागी २ विरुद्ध ३, म्हणून ठ कडून.

शिकवणी वर्गांत या नियमाचं एक सुटसुटीत रूप सांगितलं जातं : आकड्यांची बेरीज करा, जी लहान ती घ्या. आपल्या उदाहरणात बेरीज १० आणि १४ येते, म्हणजे उत्तर बरोबर निघतं. बहुतेक वेळा निघतंच, म्हणून ही युक्ती टिकून आहे. पण दहा कार्बनांच्या साखळीवर एका बाजूने मोजून २, ७, ८ वर आणि दुसऱ्या बाजूने ३, ४, ९ वर तीन मिथिल येत असतील तर? पहिल्या यादीची बेरीज १७, दुसरीची १६. बेरीजवाला दुसरी निवडेल. नियम मात्र पहिल्या फरकाकडे पाहतो, दोन हे तीनपेक्षा लहान, आणि रेणूचं नाव ठरतं २,७,८-ट्रायमिथिलडेकेन. बेरजेचा नियम चुकतो तो अशा ठिकाणी, आणि परीक्षक नेमकं असंच उदाहरण काढतात.

वर्णानुक्रम, पण इंग्रजीचा

शाखा आणि त्यांचे पत्ते मिळाले : २ वर मिथिल, ३ वर इथिल, ५ वर मिथिल. त्या नावात कोणत्या क्रमाने लिहायच्या? आकड्यांच्या क्रमाने नाही आणि लहान-मोठ्याच्याही क्रमाने नाही. इंग्रजी स्पेलिंगच्या वर्णानुक्रमाने. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इथे जपावं लागतं, कारण देवनागरीप्रमाणे इथिल, क्लोरो, ब्रोमो, मिथिल असा क्रम लागेल, तर नियमाप्रमाणे ब्रोमो, क्लोरो, इथिल, मिथिल.

एकच शाखा दोनदा आली की तिच्यामागे 'डाय', तीनदा आली की 'ट्राय' लागतं, पण वर्णानुक्रमासाठी ही संख्या दाखवणारी अक्षरं धरायची नाहीत. आपल्या रेणूत दोन मिथिल आहेत, म्हणून 'डायमिथिल'. 'डाय'चं डी अक्षर धरलं तर ते इथिलच्या ई आधी येतं आणि नाव उलटं होतं. ते न धरता मिथिलचं एम पाहायचं, आणि एमच्या आधी ई. म्हणून पूर्ण नाव :

३-इथिल-२,५-डायमिथिलहेप्टेन.

आकडा आणि आकडा यांच्यामध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ, आणि शेवटच्या शाखेनंतर मूळ नाव सलग, मध्ये जागा न सोडता. कॉम्प्युटरवर ते असं टाइप होतं : 3-ethyl-2,5-dimethylheptane.

वर्णानुक्रमाचं आणखी एक काम आहे. सात कार्बनांच्या साखळीवर एक इथिल आणि एक मिथिल ३ आणि ५ वर असतील, तर कुठल्याही टोकाने मोजा, यादी ३ आणि ५ अशीच येते. तेव्हा नावात जी शाखा आधी येते तिला लहान आकडा द्यायचा. म्हणजे ३-इथिल-५-मिथिलहेप्टेन. पण हा शेवटचा उपाय आहे. सुरुवातीलाच वर्णानुक्रम लावून आकडे ठरवणं ही चूक वह्यांत वारंवार दिसते.

ओएच आला की दिशा बदलते

आता त्याच चित्रात एक भर घालू. छ या कोपऱ्यातून एक रेघ काढून तिच्या टोकाला OH लिहा. हा अल्कोहोलचा क्रियात्मक गट. तो आला की शाखांचा अग्रहक्क जातो आणि लहानात लहान आकडा आधी त्याला द्यावा लागतो. साखळी तीच राहते, ठ ते ज, कारण सातही कार्बनांच्या सगळ्या वाटा छ वरून जातातच. पण आता ठ कडून मोजलं तर OH सहाव्या जागी आणि ज कडून मोजलं तर दुसऱ्या. म्हणून मोजणी ज कडून. च तीन, ग पाच, ट सहा. नाव होतं ५-इथिल-३,६-डायमिथिलहेप्टेन-२-ऑल. कार्बनांचा सांगाडा जागचा हलला नाही, तरी प्रत्येक शाखेचा पत्ता बदलला.

इथेही फोटो घात करू शकतो. समजा छ ला OH ऐवजी दुहेरी रेघेने O जोडलेला आहे, म्हणजे तो अल्कोहोल नसून कीटोन आहे, आणि अंधुक उजेडात दुसरी रेघ पुसट आली. मग समोर दिसतो एका रेघेने जोडलेला एकटा O. ऑक्सिजनला दोन बंध लागतात. शेजारी H लिहिलेला नसेल आणि रेघ एकच असेल तर काहीतरी हरवलं आहे, हे तिथेच ओळखावं. H घाईत मनाने जोडला की नावाच्या शेवटी 'ओन'ऐवजी 'ऑल' लागतं आणि वेगळाच पदार्थ उभा राहतो.

कार्बनांमधल्या दुहेरी बंधाबाबत मात्र नियमच बदलला आहे. शाळा-कॉलेजात शिकवतात की दुहेरी बंध ज्या साखळीत येतो तीच मुख्य, भले ती आखूड असो. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींत आधी लांबी, मग दुहेरी बंध असा क्रम आहे. त्यामुळे जो रेणू जुन्या रीतीने २-इथिलपेन्ट-१-ईन आहे तोच नव्या रीतीने ३-मिथिलिडीनहेक्झेन होतो. दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळू नये, पुस्तकाचं साल पाहावं. परीक्षेत अभ्यासक्रमातलीच रीत वापरावी.

हे नाव काय सांगत नाही

आपल्या C₁₁H₂₄ मधले ग आणि च हे कार्बन चार निरनिराळ्या गटांना जोडलेले आहेत. असे कार्बन अवकाशात दोन प्रकारे रचता येतात, डाव्या-उजव्या हातांसारखे. दोन कार्बन, प्रत्येकी दोन रचना, म्हणजे या एकाच नावाखाली चार वेगवेगळे रेणू आहेत. आकृतीत ठळक पाचरी किंवा तुटक रेघा असतील तर त्यांवरून आर आणि एस ही अक्षरं नावाच्या आधी जोडता येतात. साध्या रेघांच्या चित्रात ती माहितीच नसते, आणि नसलेली माहिती नावात घालू नये.

पाचरी असतील तर फोटोबद्दल एक सावधगिरी. फोटो आडवा-उभा कसाही फिरवला तरी नाव बदलत नाही. पण सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशातल्यासारखा उलटा साठतो. साखळी, आकडे, शाखा यांना त्याने धक्का लागत नाही, पण आरचा एस आणि एसचा आर होतो. गंमत अशी की OH उलटा झाला तर HO दिसतो आणि तोही बरोबरच वाटतो, कारण ही दोन्ही अक्षरं आरशात तशीच राहतात. N, F किंवा प्रश्नाचा क्रमांक पाहिला की मात्र उलटेपणा लगेच उघड होतो.

पडताळा

नाव लिहून झाल्यावर चित्र झाकून ठेवावं आणि नावावरून रेणू नव्याने काढावा. सात कार्बन, तिसऱ्यावर इथिल, दुसऱ्या आणि पाचव्यावर मिथिल. मग मूळ फोटोशी जोडण्या ताडून पाहाव्यात. एखादा मिथिल सुटला असेल, आकडा चुकला असेल, तर ते इथे सापडतं.

पण हा पडताळा एक चूक कधीच पकडत नाही. कोणी आडव्या रेघेला भुलून '३-आयसोप्रोपिल-५-मिथिलहेप्टेन' लिहिलं असेल, तर त्या नावावरून काढलेलं चित्र मूळ फोटोशी तंतोतंत जुळतं! केंब्रिज विद्यापीठात तयार झालेलं, नावावरून रचना काढून देणारं ऑप्सिन हे मोफत सॉफ्टवेअरही ते नाव निमूटपणे स्वीकारतं आणि बरोबर रेणू काढून दाखवतं. तरीही परीक्षेत गुण जातात, आणि विद्यार्थी विचारतो, रेणू तर तोच आहे, मग चूक कसली?

त्याचं उत्तर १८९२ साली जिनिव्हात भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत मिळतं. शार्ल फ्रिडेल यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या त्या परिषदेत आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला. तेव्हा सेंद्रिय संयुगांची संख्या झपाट्याने वाढत होती, एकाच पदार्थाला दोनतीन नावं पडलेली असत, आणि कोशात तो कुठल्या नावाखाली शोधायचा हा रोजचा प्रश्न होता. प्रत्येक संयुगाला असं एक अधिकृत नाव असावं की कोशात आणि सूचीत ते एकाच ठिकाणी सापडेल, हा त्या नियमांचा उद्देश होता. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आययूपीएसीने तेच काम पुढे नेलं. नावावरून रेणू कळावा ही अर्धी अट झाली. त्या रेणूवरून दोन अनोळखी माणसांनी स्वतंत्रपणे एकच नाव काढावं, ही उरलेली अर्धी. जास्त शाखांची साखळी, पहिल्या फरकाचा आकडा, इंग्रजी वर्णानुक्रम हे बरोबरी तोडणारे सगळे नियम या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहेत. ते पाळले गेले आहेत का, हे नावावरून चित्र काढून कळत नाही. त्यासाठी पुन्हा चित्राकडे जाऊन टोकांच्या दहाही जोड्या मोजाव्या लागतात.